अभिरूप संसद: मतदानाचं वय १८ वरून १६ करण्याचं विधेयक, वर्गासाठी संहिता हवी आहे

खडूफळा
नववीच्या वर्गात अभिरूप संसद घ्यायची आहे. विषय मुलांनीच निवडलाय, मतदानाचं वय १८ वरून १६ वर आणावं का. पट साठचा, दोन जोडतास मिळून ऐंशी मिनिटं हातात. बाजारात मिळणाऱ्या तयार संहिता चाळल्या. सगळीकडे तोच साचा: पाच मुलं बाजूनं बोलतात, पाच विरोधात, मग अध्यक्ष हात वर करायला सांगतात आणि टाळ्या. ही संसद नाही, वक्तृत्व स्पर्धाच आहे, फक्त अध्यक्षाची खुर्ची जास्तीची. उरलेली पन्नास मुलं तोपर्यंत वहीवर नक्षी काढत बसतात. कोणी खऱ्या सभागृहाच्या जवळ जाणारी संहिता केली आहे का? भाषणं मुलं स्वतः लिहितील, मला सांगाडा हवाय.

स्पष्टवक्ता
एवढं काय अवघड आहे? मंत्री विधेयक मांडतो, विरोधी पक्षनेता झोडपतो, दोन्हीकडचे चार-चार जण बोलतात, मग मतदान. ज्यांची मतं जास्त ते जिंकले. नाट्य हवं असेल तर मतं समसमान पडतील अशी व्यवस्था करा आणि अध्यक्षांना निर्णायक मत द्यायला लावा. घटनेतच आहे ते. टाळ्या नक्की.

जुना प्रतिवेदक
निर्णायक मताचं बरोबर आहे, अनुच्छेद १०० मध्ये आहे. पण या विधेयकाला ते लागूच पडत नाही. मतदानाचं वय लिहिलंय अनुच्छेद ३२६ मध्ये, म्हणजे ही घटनादुरुस्ती झाली. तिला अनुच्छेद ३६८ प्रमाणे दोन अटी एकाच वेळी पूर्ण कराव्या लागतात. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं बाजूनं हवीत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतंही हवीत. मतं समसमान पडली तर विधेयक केव्हाच पडलं, अध्यक्षांनी मत देऊन काय होणार?

खडूफळा, तुमच्या तासाचा जीव याच दोन अटींत आहे. मी बरीच वर्षं सभागृहात बसून भाषणं टिपून घेतली. चांगली भाषणं विसरलो, मतविभाजनं लक्षात राहिली. तेव्हा संहिता भाषणांभोवती लिहू नका, विधेयकाच्या मजकुराभोवती लिहा. आधी विधेयक फळ्यावर लिहून टाका, दोनच खंडांचं:

खंड १. या अधिनियमास संविधान (दुरुस्ती) अधिनियम म्हणावे.
खंड २. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ मधील "अठरा वर्षे" या शब्दांऐवजी "सोळा वर्षे" हे शब्द दाखल करण्यात यावेत.

बस. १९८८ साली वय २१ वरून १८ वर आणलं ते विधेयकही जवळजवळ एवढंच होतं. लोकसभेत १५ डिसेंबरला आणि राज्यसभेत २० डिसेंबरला मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती २८ मार्च १९८९ ला मिळाली. एकसष्टावी घटनादुरुस्ती ती हीच.

चिनूची आई
माझाही हाच प्रश्न आहे. मुलगी सतरा पूर्ण आहे, अठरावा वाढदिवस फेब्रुवारीत. आमच्या वेळी १ जानेवारीला अठरा पूर्ण नसतील तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागायचं, माझं एक मतदान तसंच हुकलं होतं. आता १६ वर्षांच्या मुलांची नोंदणी सुरू झाली का? फॉर्म शाळेत मिळतो का?

खडूफळा
ताई, नाही हो, हे वर्गातलं लुटुपुटीचं विधेयक आहे. वय अजून अठराच.

जुना प्रतिवेदक
ताई, तुमच्या मुलीसाठी मात्र बातमी चांगली आहे. निवडणूक कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अर्हता दिनांक, म्हणजे वय मोजायच्या तारखा, वर्षातून चार झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. फेब्रुवारीत अठरा झाली की १ एप्रिलच्या तारखेवर ती बसेल, आणि सतरा पूर्ण असल्यानं आगाऊ अर्ज आताही करता येईल.

खडूफळा, ताईंचा प्रश्न संहितेत घ्या. एखाद्या सदस्याला विचारू द्या की "सोळा वर्षे, पण कोणत्या तारखेला?" मंत्र्याला उत्तर देता आलं पाहिजे: अनुच्छेद ३२६ तारीख ठरवत नाही, ती कायद्यानं ठरते. पुढचा प्रश्न त्यातूनच निघेल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम १९ मध्येही अठराच लिहिलंय, ते कोण बदलणार? १९८९ मध्ये घटनेबरोबर तो कायदाही बदलावा लागला होता. विरोधकांना हरकतीचा मुद्दा म्हणून हे आयतं मिळतं.

बाकावरची_शेवटची
मी दहावीत असताना अशाच अभिरूप संसदेत विरोधी बाकावर होते. हरकतीचा मुद्दा म्हणजे मध्येच उठून ओरडायचं असा आमचा समज होता. सरांनी थांबवून सांगितलं की आधी नियम कुठे मोडला ते सांग, मग बोल. अर्धे हरकतीचे मुद्दे तिथेच गळाले. 🙂

जुना प्रतिवेदक
अगदी. हरकतीचा मुद्दा कामकाजाच्या नियमाबद्दल असतो. समोरचा चूक बोलतोय हे काही कारण नव्हे. आता क्रम देतो. नमुन्याला काही ओळी घातल्यात, मुलांनी त्या आपल्या भाषेत कराव्यात.

*पहिला टप्पा: मांडणी. दोन मिनिटं.*

मंत्री: अध्यक्ष महोदय, भारताच्या संविधानात आणखी सुधारणा करणारे विधेयक मांडण्यास मला अनुमती मिळावी.
अध्यक्ष: प्रश्न असा आहे की, विधेयक मांडण्यास अनुमती द्यावी. जे अनुकूल असतील त्यांनी "होय" म्हणावे. (आवाज) जे प्रतिकूल असतील त्यांनी "नाही" म्हणावे. (आवाज) "होय"चे बहुमत आहे. अनुमती देण्यात आली आहे.

इथे आवाजी मत चालतं, सभागृहाला आवाज लागतो तो इथेच लागतो. साठही जणांचं तोंड उघडतं.

*दुसरा टप्पा: विचारार्थ प्रस्ताव आणि सर्वसाधारण चर्चा. पस्तीस मिनिटं.*

प्रत्येकाला दोन मिनिटं, घंटा वाजली की खाली. भाषण अध्यक्षांना उद्देशून, समोरच्या सदस्याला "तू" नाही, "सन्माननीय सदस्य". विषय तत्त्वाचा, शब्दांचा कीस पुढच्या टप्प्यात. या चर्चेच्या शेवटी विधेयक विचारात घ्यावं की नाही यावर मत होतं, आणि घटनादुरुस्तीत तिथेही विशेष बहुमत लागतं.

*तिसरा टप्पा: खंडवार विचार. वीस मिनिटं.* इथेच खरी गंमत, सविस्तर लिहितो.

*चौथा टप्पा: विधेयक संमत करावे हा प्रस्ताव.* वेळ उरली तर.

स्पष्टवक्ता
खंडवार विचार वगैरे नववीच्या मुलांना झेपणार नाही. दोन ओळींच्या विधेयकाचे खंड काय पाडायचे?

जुना प्रतिवेदक
दोन ओळींचं आहे म्हणूनच झेपेल. पाहा.

अध्यक्ष आधी खंड २ घेतात. खंड १, म्हणजे नाव, शेवटी घेतात. आधी बाळ, मग बारसं. खंड २ वर एक सदस्य दुरुस्ती देतो: "सोळा" या शब्दाऐवजी "सतरा" असावा. ही दुरुस्ती आदल्या दिवशी लेखी देऊन ठेवायची.

आता तुमच्या वर्गाचा हिशोब करू. एकूण सदस्य ६०. त्या दिवशी हजर समजा ५३. अध्यक्ष बाजूला काढले की मत देऊ शकणारे ५२.

आधी दुरुस्तीवर मत. दुरुस्तीला साधं बहुमत पुरतं. २७ विरुद्ध २५, मंजूर. "सोळा" खोडून "सतरा" झालं.

मग अध्यक्ष म्हणतात, "प्रश्न असा आहे की, सुधारणा केल्याप्रमाणे खंड २ विधेयकाचा भाग व्हावा." याला विशेष बहुमत. सोळासाठी घसा कोरडा करणारे नऊ जण सतरा झाल्यानं रुसले आणि तटस्थ राहिले. म्हणजे मत दिलेले ४३. बाजूनं २९, विरोधात १४. ४३ च्या दोन-तृतीयांश म्हणजे २८.६७, म्हणून २९ लागतात. ही अट पूर्ण झाली. पण एकूण ६० च्या निम्म्याहून जास्त म्हणजे ३१, ते झाले नाहीत. विरोधकांच्या दुपटीहून जास्त मतं पडूनही खंड २ नामंजूर. खंड २ गेला की विधेयकात नावाखेरीज काही उरतच नाही.

गैरहजर सात आणि तटस्थ नऊ, यांच्यामुळे विधेयक पडलं. विरोधातल्या चौदांनी जेमतेम अर्धं काम केलं. मतदानाच्या वयावर तास घेताय ना? मत न देण्याचा परिणाम यापेक्षा स्पष्ट दाखवता येईल असं मला वाटत नाही.

बाकावरची_शेवटची
बापरे! म्हणजे आम्ही "तटस्थ" म्हणायचो ते मुळात तटस्थ नव्हतंच.

मधुमालती
अपूर्णांकाचं कळलं नाही. २८.६७ ला २८ का नाही? जवळपास तेवढंच की.

जुना प्रतिवेदक
"दोन-तृतीयांशांहून कमी नाही" अशी अट आहे, त्यामुळे अपूर्णांक नेहमी वरच चढवायचा. याचं खरं उदाहरण आहे. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आलं. बाजूनं १४९, विरोधात ७५. एकूण २२४ च्या दोन-तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. एका मताच्या एक-तृतीयांशासाठी विधेयक पडलं. तनखे पुढच्या वर्षी नव्या घटनादुरुस्तीनं गेले ते वेगळं. फळ्यावर २२४ गुणिले दोन भागिले तीन एवढं करायला लावा, गणिताच्या बाईही खूश होतील.

खडूफळा
हे झकास आहे. मतदान घ्यायचं कसं? हात मोजताना गोंधळ होतो, आणि एकाचं बघून दुसरा हात वर करतो.

जुना प्रतिवेदक
चिठ्ठ्या वापरा. लोकसभेत यंत्र नसेल तेव्हा चिठ्ठ्याच वाटतात: "होय"ची हिरवी, "नाही"ची लाल, तटस्थाची पिवळी. प्रत्येक चिठ्ठीवर सदस्यानं नाव आणि आसन क्रमांक लिहून सही करायची. संसदेतलं मत गुप्त नसतं, कोण कुठे उभा राहिला हे नोंदलं जातं. मतदान केंद्रावरचं मत गुप्त असतं. हा फरक मुलांना कोणी सांगितला नाही तर दोन्ही एकच वाटतात.

आणि मतविभाजनाआधी घंटा वाजवा, मग वर्गाचं दार बंद करा. दार बंद झाल्यावर आलेल्याला मत नाही. हे एकदा झालं की पाणी प्यायला गेलेली मुलं पळत येतात.

स्पष्टवक्ता
बरं, चिठ्ठ्या मान्य. पण भाषणांत दम हवा ना? मुलं "आजची पिढी मोबाइलवर" आणि "आम्ही देशाचं भविष्य" यापलीकडे जात नाहीत. मी तर म्हणेन की जेल वगैरेचा मुद्दा घाला. सोळाव्या वर्षी गुन्हा केला तर प्रौढ म्हणून खटला चालतो. मग शिक्षेला मोठे आणि मताला लहान, हा कुठला न्याय? याला विरोधकांकडे उत्तर नाही.

बाकावरची_शेवटची
हा मुद्दा आम्हीही वापरला होता, टाळ्या पडतात. पण सरसकट तसं नाहीये. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात फक्त अतिगंभीर गुन्ह्यांसाठी आहे ते, आणि तेही आधी बाल न्याय मंडळ त्या मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता तपासतं. आपोआप होत नाही.

जुना प्रतिवेदक
आणि उत्तर त्यातच आहे. विरोधी बाकावरून असं येऊ द्या:

सदस्य: अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांनी बाल न्याय अधिनियमाचा दाखला दिला, मी त्यांची आभारी आहे. कारण तो कायदा सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रौढ मानत नाही. एकेका मुलाची तपासणी करतो. मग सन्माननीय सदस्य मतदार यादीत नाव घालण्याआधी अशी तपासणी करणार आहेत काय?

यावर सत्ताधारी बाकावरून प्रतिटोला:

सदस्य: अध्यक्ष महोदय, चाळीस वर्षांच्या मतदाराचीही तपासणी आपण करत नाही. समज मोजून मत द्यायचं ठरवलं, तर या सभागृहातले किती जण निवडून येतील? (हशा)

अशा चार देवाणघेवाणी लिहून ठेवल्या की पुरे, बाकीच्या मुलं सभागृहातच करतील. सगळी भाषणं पाठ करून आणलेली असली की आधीच्या वक्त्याला कोणी उत्तरच देत नाही. माझा नियम असा: प्रत्येक वक्त्यानं पहिलं वाक्य आधीच्या वक्त्याच्या मुद्द्यावर बोलायचं. तसं केलं नाही तर घंटा.

मधुमालती
बाहेरच्या देशांचे दाखले चालतील का? ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाव्या वर्षी मत आहे. ब्राझीलमध्ये १९८८ च्या घटनेपासून सोळा-सतराच्या मुलांना मत देता येतं, पण सक्ती नाही. मोठ्यांना तिथे सक्ती आहे. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्यांनी मत दिलं.

जुना प्रतिवेदक
चालतील, पण नुसती नावांची माळ नको. ब्राझीलचाच दाखला घ्या, त्यात खाचखळगा आहे. विरोधक म्हणू शकतात की तिथल्या घटनेनंच ही मुलं इतरांपेक्षा वेगळी मानली. सत्ताधारी म्हणू शकतात की म्हणूनच तो रस्ता सुरक्षित आहे.

१९८८ च्या विधेयकाची उद्दिष्टं आणि कारणंही मंत्र्याला वाचायला द्या. तिथे लिहिलं होतं की बऱ्याच देशांनी १८ वय ठेवलंय, आपल्याच काही राज्यांनी स्थानिक निवडणुकांना ते लावलंय, आणि आजचा तरुण साक्षर आणि जाणता आहे. "अठरा"च्या जागी "सोळा" घालून वाचून बघा, काय टिकतं आणि काय नाही. स्थानिक निवडणुकांचा आधार आज सोळासाठी नाही, हे विरोधकांनी पकडायला हवं.

स्पष्टवक्ता
आणखी एक. हे राज्यांकडेही जायला हवं ना, निम्म्या विधानसभांकडे? की नको? ३६८ मधली यादी मी वाचलीय, तिच्यात ३२६ नाही. म्हणजे संसदेत मंजूर झालं की संपलं.

जुना प्रतिवेदक
यादीत ३२६ हा आकडा नाही, हे खरं. पण एकसष्टावी दुरुस्ती राज्यांकडे पाठवली होती, आणि निम्म्याहून जास्त विधानसभांनी मान्यता दिल्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. यादीत "संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व" असं एक कलम आहे. मतदार बदलले की प्रतिनिधित्व बदलतं, असा अर्थ त्यातून काढता येतो.

स्पष्टवक्ता
ओढूनताणून आहे. प्रतिनिधित्व म्हणजे कोणत्या राज्याला किती जागा. मतदार वाढल्यानं जागा वाढत नाहीत.

जुना प्रतिवेदक
तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. जुना पायंडा माझ्या बाजूला आहे, शब्द तुमच्या बाजूला. वर्गात हाच हरकतीचा मुद्दा करा आणि अध्यक्ष झालेल्या मुलीला निर्णय देऊ द्या. तिनं कारण सांगितलं म्हणजे झालं.

मधुमालती
मूळ प्रश्न राहिलाच. निकाल संहितेत लिहायचा का? आमच्याकडे पाहुणे येणार म्हणून विधेयक "एकमतानं मंजूर" असं आधीच ठरवलं होतं. मुलांना ते आवडलं नाही.

बाकावरची_शेवटची
लिहू नका. पक्षातल्या सगळ्यांनी असंच मत द्या, असा पक्षादेशही काढू नका. पक्षादेश काढला की पहिल्या मिनिटाला निकाल कळतो, मग चिठ्ठ्या कशाला? आमच्या वेळी सरकार पक्षाला पस्तीस आणि विरोधी पक्षाला वीस मुलं दिली होती, झोपच आली.

जुना प्रतिवेदक
मला पक्षादेश हवासा वाटतो. खऱ्या सभागृहात तो असतो, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर तो मोडला तर सदस्यत्व धोक्यात येतं. पक्षादेश काढलाही आणि एखाद्या मुलीनं तो मोडून पिवळी चिठ्ठी टाकली, तर त्यावर वेगळा तास होईल.

बाकावरची_शेवटची
साठ मुलांत तसं करणारी एक सापडेल. बाकीच्या एकोणसाठांचं काय?

खडूफळा
तूर्त पक्षादेश नको, निकाल मोकळा ठेवतोय. काल अर्ध्या तासात कच्ची तालीम घेतली, फक्त तिसरा टप्पा. सतराची दुरुस्ती एका मुलानं स्वतःहून लिहून आणली, मी सांगितलं नव्हतं. ती पडली. मग सोळाच्या मूळ खंडावर मत घेतलं. हजर ५१ म्हणजे मत देणारे ५०: हिरव्या ३०, लाल १५, पिवळ्या ५. दोन-तृतीयांश बरोब्बर झाले, ३१ ला एक कमी पडलं. सरकार पक्षानं लगेच गैरहजर मुलांची यादी मागितली आणि खऱ्या दिवशी प्रत्येकाला घरून आणायची जबाबदारी वाटून घेतली. विरोधक म्हणतायत की हे नियमात बसत नाही. बसतं का?

जुना प्रतिवेदक
बसतं. आपल्या पक्षाची माणसं मतदानाला आणणं हे प्रतोदाचं कामच. फक्त विरोधकांनाही त्यांची यादी द्या.

चिनूची आई
मुलीनं आगाऊ अर्ज भरला. खडूफळा सर, तुमच्या तासाला पालक प्रेक्षक गॅलरीत बसू शकतात का?

खडूफळा
या की. पण ताई, गॅलरीतून टाळ्या वाजवायच्या नाहीत, अध्यक्ष बाहेर काढतात. आमच्या अध्यक्षबाईंनी तो नियम पाठ करून ठेवलाय.